भाडं उशिरा किंवा अर्धवट घेताय? घरमालकांनो, या चुका टाळा

नाशिकच्या रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटी या भागातल्या जुन्या वाड्यांच्या मालकांकडून एकच प्रश्न सारखा येतो. भाडेकरूने थकवलंय, नोटीस दिली, आणि आता तो थोडेथोडे पैसे टाकतोय, ते घेतले तर केस गेली का? आणि नाही घेतले तर?

पैसे घेतले म्हणून आपोआप हक्क जात नाही. कोर्ट बघतं ते एवढंच, की पैसे कुठल्या महिन्याचे होते आणि घेताना तुम्ही काय म्हणालात. चुका सगळ्या या दोन जागीच होतात.

एक उदाहरण धरून चालू. रविवार कारंजाजवळ जुन्या वाड्यातला गाळा, भाडं महिना ६,००० रुपये, दर ५ तारखेला द्यायचं. जानेवारी ते एप्रिल थकले, म्हणजे २४,०००. वकिलामार्फत पोस्टाने मागणीची नोटीस गेली, भाडेकरूला १० मेला मिळाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १५ प्रमाणे ही नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबावंच लागतं, म्हणजे ८ ऑगस्टपर्यंत थकबाकीसाठी जागा खाली करून मागायचा दावा टाकता येत नाही. (व्हॉट्सॲपवर दहा वेळा "भाडं कधी देणार" विचारलं असेल तर ती नोटीस धरून चालू नका, लेखी नोटीस रीतसर बजावलेलीच लागते.)

आता १२ जूनला मालकाच्या फोनवर १२,००० जमा होतात, सोबत मेसेज "मे जूनचं भाडं पाठवलंय काका". काका उत्तरादाखल अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळे.

चूक पहिली : पैसे कशाचे हे न बघता घेणं

इथे १८७२ चा करार कायदा लागतो. देणाऱ्याने पैसे कुठल्या देण्यापोटी हे सांगितलं आणि तुम्ही ते घेतले, तर तिथेच जमा धरावे लागतात, नंतर वहीत जानेवारी फेब्रुवारीला लिहिले तरी चालत नाही. तो काहीच बोलला नसेल तर मात्र कुठल्या थकबाकीत टाकायचे ते तुम्ही ठरवू शकता.

आपल्या उदाहरणात पैसे गेले मे-जूनला, आणि नोटिशीतले २४,००० जसेच्या तसे बाकी. वरवर बघितलं तर मालकाचं काही बिघडलं नाही, पण भाडेकरूचा वकील नेमकं इथेच पकडतो, की नोटिशीनंतरच्या महिन्यांचं भाडं तुम्ही निमूट घेतलं म्हणजे भाडेकरार चालू ठेवला आणि नोटीस सोडून दिली. हा मुद्दा हवेतला नाहीये. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ११२ आणि ११३ मध्ये हेच आहे, हक्क निर्माण झाल्यानंतरच्या काळाचं भाडं माहीत असून घेतलं तर तो हक्क सोडल्यासारखं होऊ शकतं. जुन्या काळाची थकबाकी घेतली तर तसा अर्थ निघत नाही, फरक इथेच आहे.

मालकाच्या बाजूनेही उत्तर आहे. सरूप सिंग गुप्ता खटल्यात २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं भाडं स्वीकारलं म्हणून नोटीस सोडली असं होत नाही, करार चालू ठेवायचा इरादा दिसला पाहिजे. आणि भाडे कायद्याखालच्या जागेत खाली करायचा हक्क त्या कायद्यातून येतो, त्यासाठी आधी भाडेकरार संपवायची वेगळी नोटीस लागत नाही, हे १९७९ लाच सात न्यायाधीशांच्या बेंचने धनपाल चेट्टियार निकालात ठरवलंय. त्यामुळे आपले काका बहुतेक तगतील. पण इरादा काय होता हे त्यांना सीबीएसजवळच्या कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल, तेही त्या अंगठ्याच्या जोरावर, आणि ते टाळता येण्यासारखं होतं.

त्याच दिवशी एवढं लिहून पाठवायचं : "१२,००० मिळाले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मे आणि जूनला जमा केले. जानेवारी ते एप्रिलचे २४,००० बाकी आहेत. १० मेला तुम्हाला मिळालेली नोटीस कायम आहे, आमचे सर्व हक्क राखून रक्कम घेतली." पावतीवरही हेच लिहा, आणि पावती द्याच, कायद्याने ती बंधनकारक आहे. मेसेजमध्ये महिना नसेल तर "जानेवारी, फेब्रुवारीच्या थकबाकीत जमा, मार्च एप्रिलचे १२,००० आणि मेपासूनचं भाडं बाकी" असं लिहायचं. पंधरा दिवसांनी आठवण झाली म्हणून लिहिलं तर त्याचा जोर बराच कमी होतो.

चूक दुसरी : "चला, मिटलं" म्हणून कमी रकमेला हो म्हणणं

ही सगळ्यात महागात पडते. भाडेकरू म्हणतो २४ पैकी १५ हजार घ्या आणि हिशोब क्लिअर करा, तुम्ही कंटाळून "ओके, क्लिअर" टाइप करता. करार कायद्याच्या कलम ६३ मध्ये पूर्ण समाधान म्हणून कमी रक्कम स्वीकारली तर सगळं देणं फिटतं, कायद्यातलंच उदाहरण ५,००० च्या बदल्यात २,००० घेतल्याचं आहे. उरलेले ९ हजार गेलेच, आणि थकबाकीच उरली नाही तर दावा तरी कशावर उभा करणार? अर्धे पैसे घेताना "अंशतः, बाकी कायम" हे शब्द पाहिजेतच.

चूक तिसरी : रागाने पैसे परत करणं

मनीऑर्डर परत, फोनवर आलेले पैसे परत. बऱ्याच जणांना वाटतं यानं केस मजबूत होते, पण भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ भाडं द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला सांभाळतं आणि तुम्ही परत केलेली मनीऑर्डर हाच त्याच्या तयारीचा पुरावा. शिवाय दावा लागल्यावरही त्याला समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरायची संधी असते, पुढे नियमित भाडं आणि कोर्ट सांगेल तो खर्च भरत राहिला तर थकबाकीच्या कारणावर ताबा मिळत नाही. म्हणून घ्यायचे, हक्क राखून घ्यायचे.

चूक चौथी : दुसऱ्याच्या नावाने आलेलं भाडं

गाळ्यावर नवीन बोर्ड दिसतो, भाडं भलत्याच माणसाच्या खात्यातून येतं आणि मालक त्याच्याच नावाने पावती फाडतो. पोटभाडेकरू ठेवल्याची तक्रार करायचा तुमचा हक्क इथे खरोखर अडचणीत येतो, कारण माहीत असूनही तुम्ही त्या माणसालाच मान्यता दिली असं दिसतं. पावती मूळ भाडेकरूच्याच नावाने, "यांच्यामार्फत मिळाले" असं लिहून, आणि पोटभाड्याला हरकत असल्याचं लेखी पत्र त्याच आठवड्यात.

उशिराची सवय झाली असेल तर

पाच वर्षं २० तारखेला भाडं घेत आलात आणि या महिन्यात एकदम ६ तारखेला नोटीस काढली तर भाडेकरू म्हणणार, चालवून घेत होतात की. करारात "उशिरा भाडं घेतलं तरी हक्क सोडला असं समजू नये" असं कलम असलं तर मदत होते, पण तुमचं वागणं वर्षानुवर्षं उलट असेल तर फक्त त्या ओळीच्या भरवशावर राहू नका. आधी एक साधं पत्र द्या, की आजवर सवलत म्हणून उशिरा घेतलं, अमुक महिन्यापासून ५ तारीख पाळायची, आणि मग स्वतःही पाळा.

राहायला दिलेल्या जागेच्या ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचं गणित वेगळं आहे. मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये दुप्पट रकमेची तरतूद आहे, तेव्हा जुनीच रक्कम गुपचूप घेत राहू नका, "मुदत संपली आहे, नवीन करार नाही, वापराचा मोबदला म्हणून घेतले" असं प्रत्येक वेळी लिहा. आणि जुनी थकबाकी वसूल करायची मुदत ती देय झाल्यापासून ३ वर्षं असते, प्रत्येक महिन्याची वेगळी मोजायची.