फॉन्ट तपासायला पारोळा, शिंदखेडा, मुक्ताईनगर

विद्यार्थ्याने केलेला देवनागरी फॉन्ट तपासताना आपल्या खान्देशातली ही तीन गावं टाइप करा आणि ४८ पॉइंटात छापून घ्या.

आधी ‘पारोळा’. शिरोरेषेवर कागदाची पट्टी ठेवून फक्त खालचा भाग बघा, कारण शिरोरेषा अंतरातले दोष झाकते. ‘पा’मधले दोन सरळ दंड जवळ आले की तिथे काळा पट्टा दिसतो, आणि गोलसर ‘ळ’नंतरचा काना तेवढ्याच मापाने ठेवला तर लांब गेल्यासारखा वाटतो. म्हणून दोन दंडांमध्ये अंतर जास्त हवं, गोलाईशेजारी कमी. अंतर आकड्यांनी सारखं करण्याचा हट्ट इथेच फसतो.

‘शिंदखेडा’त ‘शि’ची वेलांटी आणि ‘खे’ची मात्रा डोळ्याला एका उंचीच्या वाटतात का? वेलांटी ‘श’च्या दंडापर्यंत पोचते का, आणि अनुस्वार तिला चिकटत तर नाही ना?

‘मुक्ताईनगर’ मात्र १० पॉइंटातही छापा. ‘क्त’मधली मोकळी जागा शाईने बुजत असेल, तर अर्धा ‘क’ थोडा रुंद करायला सांगा. हलन्तासह ‘क्‌त’ उमटलं, तर चूक चित्रात नाही; जोडाक्षराचा नियमच फॉन्टमध्ये घालायचा राहिलाय.