डॉक्टरी सुखतळा, जाड मोजे आणि जोड्याचा नंबर

यवतमाळ जिल्ह्यात आमच्याकडे कृषिपंपाला बऱ्याचदा रात्री लाइन मिळते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याचं आणि गव्हाचं ओलीत म्हणजे अर्धी रात्र थंडीत काढायची. आमच्या भाऊजींना टाचदुखी. डॉक्टरांनी त्यांना जोड्यात घालायला टाचेला उंच असलेला सुखतळा दिला होता. त्यावर त्यांनी घरचे जाड लोकरी मोजे चढवले आणि नेहमीचाच ७ नंबरचा जोडा आणला. आठवडाभरात करंगळीला फोड आला आणि टाच मात्र जोड्यातून वर निघू लागली. "करंगळी दुखते अन् टाच सुटते, मंग हा जोडा मोठा म्हणू का लहान?" त्यांचा प्रश्न बरोबर होता, कारण एकच जोडा एकाच वेळी दोन्ही असू शकतो.

आपण नंबर म्हणतो तो मुख्यतः लांबीचा असतो. इथल्या जोड्यांवरचा ६, ७, ८ हा इंग्लंडच्या मापाचा आकडा आहे. एका नंबरामागे लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते, तर चवड्याचा घेर, म्हणजे बोटांच्या मुळाशी पायाभोवती दोरा गुंडाळला तर जितका भरेल तितका, फक्त सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. सुखतळा आणि जाड मोजे लांबी थोडीच खातात. ते खातात घेर आणि उंची. दुकानदार सहज "एक नंबर मोठा घ्या" म्हणतो, पण त्याने लांबीच जास्त मिळते आणि घेर कमी. म्हणून आधी मोजावं, मग नंबर ठरवावा.

पहिलं माप दोऱ्याचं. पातळ मोजा घालून दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहावं आणि चवड्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळावा. दोरा ताणायचा नाही, पण सैलही सोडायचा नाही. मग जाड मोजा घालून तेच पुन्हा करावं. दोन्ही पाय मोजावेत, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो आणि जोडा त्या पायाच्या मापानेच घ्यायचा असतो. भाऊजींचा घेर पातळ मोज्यात २४.८ सेंटिमीटर आला, जाड मोज्यात २५.६. म्हणजे नुसत्या मोज्याने ८ मिलिमीटर घेर मागितला, एका नंबरापेक्षा जास्त. लांबीत मात्र मोज्याचा फरक पुढून आणि मागून मिळून तीनेक मिलिमीटरचाच होता.

दुसरं माप सुखतळ्याचं. जुन्या जोड्यातला कंपनीचा सुखतळा टाचेकडून नखाने उचलून बाहेर काढावा. तो आणि डॉक्टरांनी दिलेला, दोन्ही शेजारी ठेवून चवड्याखाली आणि टाचेखाली जाडी मोजावी. भाऊजींचा डॉक्टरी सुखतळा पुढे ४ मिलिमीटर आणि टाचेला ८ होता. कंपनीचा सगळीकडे ४. म्हणजे कंपनीचा काढून त्या जागी डॉक्टरी बसवला, तर पुढे काहीच बदल होत नाही, फक्त टाच ४ मिलिमीटर वर येते. पण भाऊजींनी तो कंपनीच्या सुखतळ्याच्या वर टाकला होता. पुढचा तळ एक मिलिमीटर उचलला की चवड्याच्या घेरातून साधारण दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे त्यांचे ८ मिलिमीटर तिथेच गेले. वर मोज्याचे ८. करंगळीला फोड येणारच. आणि टाच ८ मिलिमीटर वर गेल्यामुळे जोड्याची मागची भिंत तितकीच बुटकी झाली, म्हणून ती सुटत होती.

यावरून दुकानातली पहिली अट ठरते: सुखतळा निघणारा हवा. चिकटवलेला असेल तर तो जोडा बाजूला ठेवावा. दुकानदार "घरी जाऊन काढता येईल" म्हणतो, पण खाली डिंकाचे गठ्ठे आणि उघडी शिवण राहते, ती नंतर टोचते.

दुकानात जाताना सोबत तोच सुखतळा आणि तेच मोजे न्यावेत. दुकानातल्या ट्रायलच्या पातळ मोज्यावर घेतलेला अंदाज काही उपयोगाचा नाही. संध्याकाळपर्यंत पाय थोडे फुगतात, म्हणून जोडा शेवटी घ्यावा. पण आमच्याकडे शेवटची एसटी चुकली तर पंचाईत, म्हणून सकाळी बाजाराला आलेल्यांनी आधी भाजी-किराणा उरकावा आणि तास-दोन तास चालून झाल्यावर दुकान गाठावं. जमिनीवर पाल टाकून बसणाऱ्याकडे घेत असाल तर खोक्याचं पुठ्ठं मागून त्यावर चालावं. तो कुरकुरतो, पण देतो.

जोड्यातला सुखतळा काढून तोच जमिनीवर ठेवावा आणि जाड मोज्यासह त्यावर उभं राहावं. टाच मागच्या कडेला लागलेली असावी. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या आंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि पाय दोन्ही बाजूंनी कडेबाहेर सांडता कामा नये. सांडत असेल तर लांबी कितीही असो, तो जोडा अरुंद आहे.

मग डॉक्टरी सुखतळा आत बसवून, मागे ठोकून टेकवावा आणि लेस बांधावी. इथे लेसच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांच्या रांगा पाहाव्यात. मध्ये बोटभर फट राहिली तर ठीक. रांगा फाकून उलट्या आठासारख्या दिसू लागल्या तर घेर कमी पडतो आहे. एकमेकींना चिकटल्या तर जोडा ढगळ आहे, कारण पुढे कसायला जागाच उरत नाही. पुठ्ठ्यावर पन्नासेक पावलं चालावं, जिना असेल तर चढून उतरावं. टाच जराशी हलली तर चालतं, पण स्पष्ट वर निघाली तर सर्वांत वरचं छिद्र वापरून लेस बांधून पाहावी. तरीही निघत असेल तर मागची भिंत उंच असलेला दुसरा जोडा मागावा, नंबर कमी करू नये. शेवटी जोडा जिथे वाकतो ती घडी चवड्याखालीच येते का हे पाहावं. ती पुढे बोटांखाली गेली असेल तर जोडा लांबीला जास्त आहे.

मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर "बरा वाटतो" या शब्दावर जाऊ नये. दहा मिनिटं घालून मोजा काढावा आणि करंगळीची बाजू, आंगठ्याचं टोक आणि पायाची वरची बाजू डोळ्यांनी तपासावी. लाल डाग दिसला की तो जोडा नको. अशा पायाला मुळात डॉक्टरांना दाखवूनच जोडा घ्यावा.

भाऊजींचा पाय २५.८ सेंटिमीटर लांब आहे, पातळ मोज्यावर त्यांना ७ नंबर बरोबरच होता. जाड मोज्यासह ८ घेतला, रुंद पंज्याचा आणि निघणाऱ्या सुखतळ्याचा. एका नंबराने सहा मिलिमीटर घेर मिळाला, उरलेले दोन लेस सैल करून निघाले. एक गोष्ट मात्र घरी आल्यावर लक्षात आली. त्यांचा डॉक्टरी सुखतळा ७ च्या मापाने कापलेला, म्हणून ८ च्या जोड्यात तो पुढे सरकत होता आणि कमानीचा उंचवटा जागेवरून हटत होता. त्याला टाचेखाली दोन्ही बाजूंना चिकटणारी पट्टी लावून मागे घट्ट बसवला आणि पुढची रिकामी जागा जुन्या सुखतळ्याच्या तुकड्याने भरली. नवीन सुखतळा घ्यायचा असेल तर जोडा आधी घ्यावा आणि त्याच्याच सुखतळ्याचा छाप घेऊन फक्त बोटांकडून कापावा. टाचेकडून कापला की कमान चुकते.

उन्हाळ्यात पातळ मोज्यात हाच जोडा ढिला होईल. तेव्हा डॉक्टरी सुखतळ्याखाली दोन मिलिमीटरचा सपाट थर टाकायचा आणि नोव्हेंबरात काढून ठेवायचा, असं भाऊजींनी ठरवलं आहे. तो थर आमच्या बहिणीने जुन्या चटईतून कापला.