बसलेला हात परीक्षेत का अडतो? या चुका टाळा

गेल्या वर्षी इथे ग्वाल्हेरला, लष्कर भागात, तबल्याची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि लेहरा, म्हणजे तबल्याला साथ देणारी फिरती धून, धरायला हार्मोनियमवर मीच बसलो होतो. माझ्याकडे पाच वर्षं शिकणारी एक मुलगी तीनतालात तिरकिटाचा कायदा वाजवत होती. घरी, क्लासमध्ये, गणपतीत मंडळासमोर तिनं तो किती वेळा वाजवला असेल याची मोजदाद नाही. मुख, म्हणजे कायद्याचा मूळ बोल, झालं, त्याच बोलांचे दोन पलटे झाले, आणि परीक्षक अगदी सहज म्हणाले, "तिरकिट जरा साफ येऊ द्या." पुढच्या आवर्तनात तिची नजर स्वतःच्या बोटांवर गेली. 'तिर' वाजलं, 'किट' राहिलं. ती थांबली, पुन्हा उचललं, पुन्हा नेमकी तिथेच अडली. तिसऱ्या वेळी तर साधा 'धा'सुद्धा दबका आला.

बाहेर आल्यावर तिच्या आईनं विचारलं, "सर, रियाज कमी पडला का?"

रियाज कमी पडला नव्हता. कमी रियाजाचा हात कठीण जागी अडखळतो. हिचा हात सगळ्यात सोप्या, सगळ्यात घोटलेल्या जागी अडला होता. आणि त्याचं बी सकाळी मीच पेरलं होतं. निघताना मी तिला म्हणालो होतो, "'ट'ला मधलं बोट नीट पडतंय ना, तेवढं बघ." परीक्षकांच्या बोलण्यानं ते वाक्य तिला ऐन वेळी आठवलं, इतकंच.

आत काय घडतं

लय मिनिटाला ८० मात्रांची धरली, तर चौगुनीत, एका मात्रेला चार अशी, मिनिटाला ३२० अक्षरं वाजतात. म्हणजे सेकंदाला पाचाहून जास्त, एका अक्षराला सेकंदाचा पाचवा भागही नाही. कानावर आवाज पडला की मुद्दाम हात हलवायलाच माणसाला साधारण तेवढा वेळ लागतो. तेव्हा 'हे बोट बरोबर पडलं का?' हे तपासून होईपर्यंत पुढचं अक्षर वाजून गेलेलं असतं. तयार हात एकेक बोट तपासत चालत नाहीच. शिकताना 'ति' मधल्या बोटानं, 'र' तर्जनीनं, 'कि' डग्ग्यावर, 'ट' परत मधल्या बोटानं, असे चार वेगळे हुकूम असतात. वर्ष-दोन वर्षांनी त्या चारांचा एकच हुकूम होतो: तिरकिट. तो सुटला की बाकीचं हात बघून घेतो.

दडपणाखाली नजर आत वळली की हा एकसंध हुकूम पुन्हा चार तुकड्यांत फुटतो. प्रत्येक तुकड्याच्या आधी क्षणभर विचार येतो आणि लयीत त्या क्षणाला जागा नसते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मास्टर्स यांनी १९९२ साली नेमकं हेच मांडलं: शिकताना तोंडी मिळालेले नियम माणूस ताणाखाली पुन्हा हातावर लादायला जातो आणि हाताची घडी विस्कटते. २००२ साली सायन बाइलॉक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळाडूंना शंकूंच्या रांगेतून चेंडू नेताना पायाच्या कोणत्या बाजूनं स्पर्श झाला याकडे लक्ष द्यायला सांगितलं. मुरलेले खेळाडू आपल्या सरावाच्या उजव्या पायानं मंदावले. त्याच खेळाडूंना कच्च्या डाव्या पायानं मात्र तसं लक्ष दिल्याचा फायदाच झाला. प्रश्न माणूस मुरलेला आहे की नाही हा नसून ती विशिष्ट हालचाल मुरली आहे की नाही हा आहे.

पहिली चूक: न तपासता रियाज वाढवणं

अडलं की आपण सांगतो, शंभर वेळा वाजव. त्याआधी एक साधी तपासणी करा. मी तिला तोच कायदा वाजवायला लावला आणि वाजवताना तेराचा पाढा म्हणायला सांगितला. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस... पाढा चुकला, पण हात चालू राहिला. उलट परीक्षेपेक्षा तिरकिट मोकळं आलं, कारण बोटांकडे बघायला मन रिकामं नव्हतं. याचा अर्थ हात तयार आहे, अडथळा पहाऱ्याचा आहे.

मग चौथा पलटा घेतला. पाढा सुरू होताच तो कोसळला. तो पलटा खरोखर कच्चा होता, त्याला अजून लक्ष लागत होतं. त्या पलट्यासाठी विलंबित लय, एकेक बोट आणि भरपूर रियाज हाच उपाय. मुखासाठी तोच उपाय केला असता तर आम्ही पहाराच पक्का केला असता. एकाच कायद्यात दोन आजार होते, आणि त्यांची औषधं एकमेकांच्या उलट.

दुसरी चूक: शेवटच्या दिवसांत बोटांच्या सूचना देणं

ही चूक शिकवणाऱ्याची, म्हणून मी इथे जास्त थांबतो. हात सुधारायचा असेल तर परीक्षेच्या निदान तीन आठवडे आधी सुधारा. त्यानंतर बोट, मनगट, कोपर हे शब्द क्लासमध्ये काढायचेच नाहीत, असा मी आता नियम केला आहे. चुकीचं दिसलं तरी वहीत लिहून ठेवतो आणि परीक्षा झाल्यावर सांगतो. "नीट लक्ष दे" हेही म्हणत नाही, कारण मुलाला ते 'स्वतःच्या हाताकडे लक्ष दे' असंच ऐकू येतं.

लक्ष कुठेतरी ठेवावं लागतंच. नुसतं "विसरून जा" म्हणून कोणी विसरत नाही. त्याला हाताबाहेरची जागा द्यायची. तबल्यात ती जागा आपल्या परंपरेनं आधीच करून ठेवली आहे. कान लेहऱ्यावर, मन समेवर, आणि सुरू करण्यापूर्वी कायद्याच्या मुखाची एकदा पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं. पढंतीत बोटांची नावं नसतात, सबंध बोल असतो. गोल्फ खेळणाऱ्यांवर २००८ साली गुच्चार्डी आणि डिमॉक यांनी केलेला प्रयोग याच्याशी जुळतो. ताणाखाली तंत्राच्या तीन वेगळ्या सूचना मनात धरणाऱ्यांचा फटका बिघडला. सबंध हालचालीचा भाव सांगणारा एकच शब्द धरणाऱ्यांचा बिघडला नाही. आमच्या मुलीला मी तिच्याच तोंडच्या पढंतीतली 'धा तिरकिट'ची उठावण धरायला सांगितली. इतर काहीही नाही.

तिसरी चूक: सुरक्षित म्हणून लय उतरवणं

घाबरलेलं मूल ८०ची लय ६०वर आणतं. वाटतं की आता चुकणार नाही. पण घोटलेला कायदा ज्या लयीत घोटला त्याच लयीत एकसंध असतो. लय उतरली की अक्षरांमध्ये फटी पडतात आणि त्या फटींतून मन डोकावतं. परीक्षेची लय महिनाभर आधी ठरवा, लेहरा रोज त्याच लयीत लावा आणि परीक्षेतही तीच सांगा. लेहरा धरणाऱ्यानं उगाच दया दाखवून लय खाली आणू नये.

मैदानातही हा आजार वेळ हाताशी असतो तिथे जास्त दिसतो. आमच्या ग्वाल्हेरात मुली हॉकी जीव तोडून खेळतात. धावत्या खेळात न चुकणारी मुलगी पेनल्टी स्ट्रोकला ६.४० मीटरवर, शिट्टीची वाट बघत, एकटी उभी राहते तेव्हा विचाराला वाव मिळतो. टेनिसमधली सर्व्हिस तशीच. १९९३च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१नं पुढे होती. त्या गेममध्ये ४०-३० असताना तिची डबल फॉल्ट झाली आणि तिथून सामना स्टेफी ग्राफकडे गेला. नोवोत्नाच्या मनात काय होतं हे तिलाच ठाऊक होतं, पण जो फटका पूर्णपणे आपल्या ताब्यात असतो तोच असा हातचा जातो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

चौथी चूक: नजरेची सवय न लावणं

बंद खोलीत तयार झालेला हात कोणी बघू लागलं की दचकतो. बाइलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ साली गोल्फच्या सरावातच काहींवर व्हिडिओ कॅमेरा रोखून ठेवला होता. पुढे दडपण आलं तेव्हा त्यांचा खेळ ढासळला नाही. आम्ही तीन आठवडे रोज एकदा फोन स्टँडवर लावला. एकच टेक, पुन्हा नाही. समोर कधी आत्या, कधी शेजारचे काका वही-पेन घेऊन बसत आणि उगाच काहीतरी लिहीत. पहिले चार-पाच दिवस ती रोज कुठेतरी अडली. दुसऱ्या आठवड्यात वहीकडे तिचं लक्ष जाईनासं झालं.

लेखी पेपरला हाच उपाय लावू नका

पालक इथे गोंधळतात. गणिताच्या पेपरात मूल अडतं तेव्हा बहुधा अति लक्ष हे कारण नसतं, लक्ष कमी पडणं हे असतं. हातचे आकडे धरून ठेवायची मनातली जागा काळजीनं व्यापलेली असते. तिथे "विचार करू नकोस" म्हणणं घातक. पायऱ्या कागदावर उतरवल्या की मनावरचा भार हलका होतो. रामिरेझ आणि बाइलॉक यांच्या २०११च्या प्रयोगात परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांना फायदा झाला होता. मात्र टायपिंगची परीक्षा तबल्याच्या जातीची. २०१४ साली तयार टायपिस्टांना कोऱ्या कीबोर्डवर अक्षरं भरायला सांगितली, तेव्हा सरासरी पंधराच्या आसपासच बरोबर भरता आली. बोटांना ठाऊक असलेलं त्यांना सांगता येत नव्हतं. अशा परीक्षेत 'हे अक्षर कुठे आहे' असं मनाला विचारायचंच नाही. डोळे उताऱ्यावर ठेवायचे.

आणि तरीही अडलंच तर

अडल्या जागी परत जाऊन ती दुरुस्त करायची नाही. मागं जाणं म्हणजे बोटांची चौकशी सुरू करणं. ठेका धरायचा, एक पूर्ण आवर्तन लेहरा ऐकायचा, समेवर मुख पुन्हा उचलायचं. ठेका हा सगळ्यात जुना, सगळ्यात न बघता चालणारा बोल, म्हणून हात तिथे सावरतो. याचाही सराव लागतो. मी क्लासमध्ये मधेच टाळी वाजवून मुलांना तोडतो आणि ठेक्यावरून परत यायला लावतो.

यंदा ती पुन्हा बसली, लेहऱ्यावर मीच. पढंत केली, ८०ची लय सांगितली, मुख उचललं. तिसऱ्या पलट्यात एक तिरकिट दबलं. मी पेटीवरून मान वर करून पाहिलं, तर तिची नजर हातावर नव्हती. माझ्या भात्याकडे बघत ती तिहाईपर्यंत गेली.