काम आणि सुट्टी एकत्र: ठिकाण घड्याळ पाहून निवडा

कार्यालयाची वेळ नऊ ते सहा असेल, तर तिथून पूर्वेला, घड्याळ चार तास पुढे असलेल्या ठिकाणी तुमचे काम दुपारी एकला सुरू होऊन रात्री दहाला संपते आणि पोहण्या-भटकण्यासाठी सकाळचा उजेड पूर्ण मोकळा मिळतो. पश्चिमेला दुपारनंतरचा वेळ सुटतो खरा, पण लांबलेली बैठक नेमका तोच खाते, म्हणून मला पूर्वच अधिक भरवशाची वाटते. फरक पाच तासांपलीकडे गेला, तर मात्र झोपेवर गदा येते. मुक्काम शनिवारी सकाळीच हलवावा, म्हणजे इंटरनेट रडतखडत चालत असल्यास व्हिडिओ कॉल करून ते रविवारीच कळते आणि जागा बदलता येते.