चित्रातल्या स्तंभालेखातला एक चुकीचा आकडा कसा दुरुस्त करावा

स्तंभालेखाची मूळ स्प्रेडशीट हाताशी असेल, तर हा लेख वाचण्याची गरज नाही. तिथे आकडा बदला आणि आलेख नव्याने काढा. अडचण येते ती आपल्याकडे फक्त PNG चित्र उरलेलं असतं तेव्हा. चित्रातला आकडा खोडून नवा लिहिला की काम झालं असं अनेकांना वाटतं, पण मग लेबल एक सांगतं आणि स्तंभाची उंची दुसरंच. वाचणारा आधी उंची पाहतो, आकडा नंतर. म्हणून उंची मोजून बदलायची, अंदाजाने नाही.

एक उदाहरण घेऊ. वाचनालयातून दर महिन्याला घरी गेलेल्या पुस्तकांचा आलेख आहे. उभा अक्ष 0 ते 100, दर 20 वर एक फिकट आडवी रेषा. मार्चच्या स्तंभावर 47 लिहिलंय, पण नोंदवहीत 74 आहेत. टाइप करताना अंक उलटे पडले. मी इथे GIMP वापरतो. ते मोफत आहे आणि त्यात पिक्सेलनुसार नेमकं काम करता येतं.

आधी मोजमाप

चित्राची प्रत करून ती उघडा. `Image > Mode` मध्ये `Indexed` दिसलं तर ते `RGB` करा, नाहीतर पुढे भरलेला रंग जवळच्या भलत्याच रंगात बदलू शकतो. आता कर्सर शून्याच्या रेषेवर न्या आणि खिडकीच्या तळाशी डावीकडे दिसणारे दोन आकडे वाचा. त्यातला दुसरा आकडा म्हणजे वरून मोजलेलं अंतर. तो खाली जाताना वाढतो, हे विसरलं की पुढची सगळी वजाबाकी उलटी होते.

आपल्या चित्रात शून्याची रेषा 620 वर आणि 100 ची रेषा 120 वर आहे. म्हणजे 100 पुस्तकांना 500 पिक्सेल, एका पुस्तकाला 5. हे प्रमाण लगेच खरं मानू नका. बरोबर असलेल्या एखाद्या स्तंभावर पडताळा. जानेवारीवर 62 लिहिलंय, तर त्याची उंची 310 पिक्सेल हवी, म्हणजे माथा 310 वर यायला हवा. तसा तो आला तर पुढे जा. दोनचार पिक्सेलचा फरक पडला तर रेषांवर चित्र मोठं करून पुन्हा वाचा.

हेच गणित मार्चला लावा. 47 साठी उंची 235, माथा 385 वर. खरोखर तिथेच असेल तर आलेख काढतानाच 47 भरले गेले होते आणि स्तंभ व लेबल दोन्ही बदलावे लागतील. माथा 250 वर निघाला असता, तर स्तंभ आधीच 74 चा आहे आणि चूक फक्त लेबलात आहे, असं कळलं असतं. ही तपासणी टाळली तर बरोबर असलेला स्तंभ बिघडवण्याचा धोका राहतो.

काही आलेखांचा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. तिथे आकडा थेट 5 ने गुणून चालत नाही. तळाच्या रेषेचा आकडा आधी वजा करावा लागतो. आणि अक्षावर 1, 10, 100, 1000 अशा दहापटीच्या खुणा समान अंतरावर असतील तर हे साधं प्रमाण लागूच पडत नाही.

आधी अंक उचला, मग स्तंभ वाढवा

हा क्रम महत्त्वाचा आहे. स्तंभ वाढला की जुनं लेबल त्याखाली झाकलं जाणार, आणि नव्या लेबलाला लागणारे 7 आणि 4 हे दोन्ही अंक त्यातच आहेत. तेच वापरले तर फॉन्ट, आकार आणि कडांचा मऊपणा आपोआप जुळतो. `Rectangle Select` साधनाने 7 भोवती घट्ट चौकट आखा, कॉपी करा आणि `Edit > Paste As > New Layer` ने वेगळ्या थरावर ठेवा. मग मूळ थर पुन्हा निवडून 4 चंही तसंच करा.

स्तंभासाठी मूळ थराच्या लगेच वर एक पारदर्शक थर घ्या. मूळ थराला हात लावायचा नाही. `Color Picker` ने मार्चच्या स्तंभाच्या मधोमध टिचकी मारून रंग उचला, कडेवरून नको. आपला स्तंभ आडव्या दिशेत 340 पासून 80 पिक्सेल रुंद आहे. चौकटीच्या पर्यायांत `Position` 340, 250 आणि `Size` 80, 135 असे आकडे टाइप करा, `Feather edges` बंद ठेवा आणि `Ctrl+,` दाबून रंग भरा. 250 पासून 135 पिक्सेल खाली आलं की जुन्या माथ्याशी सांधा जुळतो. 60 ची फिकट रेषा नव्या भागामागे जाते, तशी ती इतर स्तंभांमागेही गेलेली असते.

स्तंभाला किनार किंवा गोल कोपरे असतील तर तो ताणू नका. ताणल्यावर वरची किनार जाड होते आणि कोपरे लांबट दिसतात. त्याऐवजी वरचा दहाएक पिक्सेलचा माथा कापून वेगळ्या थरावर नव्या उंचीवर बसवा आणि मधला भाग स्तंभाच्याच सरळ पट्ट्याने भरा. रंग वरून खाली बदलत जात असेल, तेव्हा मात्र ताणण्यावाचून इलाज नाही.

स्तंभ लहान करायचा असेल तर काम वेगळं, आणि थोडं अवघड. तिथे मागची पार्श्वभूमी आणि रेषा परत आणाव्या लागतात. दोन स्तंभांमधल्या मोकळ्या जागेतून त्याच उंचीवरची पट्टी कॉपी करा आणि अचूक त्याच उंचीवर चिकटवा. पट्टी अरुंद असेल तर फक्त आडवी ताणा. रेषाही आडव्याच असल्याने त्या बिघडत नाहीत.

लेबल बसवणं

जुनं लेबल माथ्यापासून 7 पिक्सेल वर होतं आणि 18 पिक्सेल उंच. म्हणून नवं 225 ते 243 मध्ये बसेल. `Move` साधन घेऊन बाणांच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवा आणि दोन अंकांमधलं अंतर शेजारच्या लेबलाशी ताडून पाहा. 80 ची रेषा 220 वर आहे, म्हणून अंकाभोवतीची पांढरी चौकट तिच्यावर चढत नाही ना ते बघा. चढली तर रेषा मधेच तुटलेली दिसते. हवा तो अंक चित्रात कुठेच नसेल, तरच `Text` साधनाने लिहा.

तपासणी

`File > Open as Layers` ने मूळ चित्र सगळ्यात वर आणा आणि त्या थराचा `Mode` `Difference` करा. न बदललेलं सगळं काळं होतं. उजळ दिसायला हवा तो फक्त वाढवलेला भाग आणि नवं लेबल; इतर कुठे ठिपका दिसला तर तिथे नकळत धक्का लागला आहे. मग हा थर लपवून `File > Export As` ने PNG करा. मूळ चित्र JPEG असेल तर सपाट रंगाऐवजी स्तंभाचाच तुकडा वापरा, कारण तिथला रंग बारीक डागांनी भरलेला असतो आणि नवा सपाट भाग उठून दिसतो.

आता आलेखातलं बाकीचं वाचा. सरासरीची रेषा, एकूण बेरीज, शीर्षकातलं ‘सर्वाधिक’ हे सगळं जुन्या 47 वर उभं असू शकतं. इथे पूर्वी जानेवारी पहिला असेल तर आता मार्च त्याच्या पुढे गेला. स्तंभ उंचीच्या क्रमाने लावलेले असतील किंवा नवा आकडा अक्षाच्या वर जात असेल, तर ठिगळ लावू नका, आलेख नव्याने काढा. चित्र आधी कुणाकडे गेलेलं असेल तर खाली ‘मार्चचा आकडा 47 ऐवजी 74 केला’ अशी ओळ तारखेसह लिहा. आणि आलेख दुसऱ्याचा असेल तर बदल त्यांच्याकडून पक्का झाल्याशिवाय करू नका.