छोट्या ऑफिससाठी एचआर डॅशबोर्ड: आधी हेडकाउंट जुळवा, मग चार्ट काढा

चाळीस-पन्नास माणसांच्या ऑफिसला एचआर डॅशबोर्ड म्हणजे एक पान पुरतं. त्यावर चार गोष्टी: आज किती माणसं आहेत, या महिन्यात किती आली, किती गेली, आणि गैरहजेरी किती. यासाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यायची काही गरज नाही, गुगल शीट किंवा एक्सेल बास. पण इंटरनेटवर यावर जे काही लिहिलेलं सापडतं ते सगळं रंग, चार्ट आणि तयार टेम्प्लेट यावरच असतं, आणि खरी गोम जिथे आहे तिथे कोणी थांबतच नाही.

खरी गोम हेडकाउंटमध्ये आहे. हो, माणसं मोजण्यात. माझा पहिला डॅशबोर्ड अंधेरी पूर्वच्या एका ऑफिससाठी होता, मीटिंगमध्ये मी एक्केचाळीस म्हटलं आणि अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, अहो मी तर चव्वेचाळीस पगार काढलेत. त्यानंतर पुढचे चार्ट कोणी बघितलेच नाहीत, आणि बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून मी हा एक आकडा जुळल्याशिवाय पुढे जात नाही.

एक Master नावाची शीट करा, एका माणसाला एक ओळ. A मध्ये एम्प्लॉयी कोड, B नाव, C डिपार्टमेंट, D जॉइनिंग डेट, E राजीनामा दिल्याची तारीख, F लास्ट वर्किंग डे. गेलेल्या माणसाची ओळ कधीही डिलीट करायची नाही आणि वेगळ्या शीटमध्ये हलवायचीही नाही, नाहीतर मागचे महिने मोजताच येत नाहीत. सोडून गेलेला माणूस परत आला तर त्याला नवीन ओळ द्या, जुन्या ओळीतली जॉइनिंग डेट बदलू नका. कॉन्ट्रॅक्टरची माणसं यात धरायची की नाही ते पहिल्याच दिवशी मालकांना विचारून ठरवा, माझं मत विचाराल तर ज्यांचा पगार आपण काढतो तेवढेच धरावेत.

E आणि F वेगळे का, ते नीट समजून घ्या कारण निम्म्या चुका इथेच होतात. समजा एकाने २ जुलैला राजीनामा दिला, नोटीस दोन महिन्यांची, लास्ट वर्किंग डे ३१ ऑगस्ट. बरेच जण राजीनाम्याची तारीखच एक्झिट म्हणून टाकतात, मग जुलैतच माणूस कमी दिसतो आणि तो तर तिकडे आपल्या खुर्चीवर बसून काम करतोय, पगारही घेतोय. हेडकाउंटसाठी फक्त F बघायचा. राजीनामा दिलाय पण अजून गेलेले नाहीत असे किती, हा आकडा E वरून वेगळा काढा आणि हेडकाउंटच्या खाली छोट्या अक्षरात द्या, मालकांना तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो कारण त्यावरून पुढची भरती ठरते.

आता दुसरी शीट, Monthly. A2 मध्ये महिन्याची शेवटची तारीख, B मध्ये सुरुवातीचे, C मध्ये आलेले, D मध्ये गेलेले, E मध्ये महिनाअखेरचे, F मध्ये चेक. C, D, E, F चे फॉर्म्युले असे:

```
C2: =COUNTIFS(Master!D:D,">"&EOMONTH(A2,-1),Master!D:D,"<="&A2)
D2: =COUNTIFS(Master!F:F,">"&EOMONTH(A2,-1),Master!F:F,"<="&A2)
E2: =COUNTIFS(Master!D:D,"<="&A2,Master!F:F,"")+COUNTIFS(Master!D:D,"<="&A2,Master!F:F,">"&A2)
F2: =B2+C2-D2-E2
```

पहिल्या महिन्याचा B2 हाताने टाका, त्याच्या आदल्या महिन्याच्या पगाराच्या ओळींतून त्या आदल्या महिन्यात गेलेले वजा करून. पुढे B3 मध्ये =E2, आणि खाली ओढत जा. F कॉलम नेहमी शून्य यायला हवा.

E2 च्या शेवटी जे ">" आहे ना, त्यात मी दोन महिने अडकलो होतो. मी तिथे ">=" टाकलं होतं, कारण मनात हिशोब असा की शेवटच्या दिवशी माणूस ऑफिसात असतोच की, मग मोजायला नको का? तर जुलै २०२५ चं उदाहरण घ्या. ३० जूनला ४२ माणसं. जुलैत तिघे आले, १ तारखेला, १४ ला आणि २१ ला. दोघे गेले, एकाचा शेवटचा दिवस ११ जुलै, दुसऱ्याचा ३१ जुलै. ४२ अधिक ३ वजा २, म्हणजे ४३. पण ">=" ठेवलं की ३१ जुलैवाला गेलेल्यांमध्येही मोजला जातो आणि महिनाअखेरच्या हजर लोकांमध्येही, आकडा ४४ येतो आणि F मध्ये उणे एक दिसतं. त्रास हा की ही चूक दर महिन्याला येत नाही, कोणाचा शेवटचा दिवस नेमका महिन्याच्या शेवटच्या तारखेला असेल तेव्हाच येते, त्यामुळे दोन महिने बरोबर, तिसऱ्याला चूक, आणि आपण डेटा तपासत बसतो. डोक्यात एवढंच पक्कं करा की महिनाअखेरचा हेडकाउंट म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर उरलेली माणसं.

पण F शून्य आला म्हणजे झालं असं समजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काही चुका या चेकमधून आरामात निसटतात. पहिली, टेक्स्ट झालेली तारीख. कोणी 14.07.2025 असं टिंब देऊन टाइप केलं तर शीट बहुतेक वेळा तिला तारीख मानत नाही, मग तो नवा माणूस आलेल्यांतही मोजला जात नाही आणि हेडकाउंटमध्येही नाही, दोन्हीकडून गायब, आणि चेक मात्र शून्यच. गुगल शीटमध्ये File > Settings मध्ये Locale हे India ठेवा, नाहीतर ५ जुलैचा ७ मे होतो. आणि कुठेतरी कोपऱ्यात हे टाकून ठेवा:

```
=COUNTA(Master!D2:D500)-COUNT(Master!D2:D500)
```

हेही शून्य यायला हवं, आलं नाही तर तेवढ्या तारखा टेक्स्ट आहेत. असंच Master च्या F कॉलमसाठीही करा, कारण तिथे लोक रिकामं सोडण्याऐवजी डॅश देतात किंवा "चालू आहे" लिहितात, आणि मग तो माणूस रिकामाही नाही आणि तारीखवालाही नाही.

दुसरी चूक, न सांगता गेलेला माणूस. फोन उचलत नाही, राजीनामा नाही, F रिकामा, त्यामुळे शीटमध्ये तो महिनोनमहिने कामावरच. अशा वेळी जो शेवटचा दिवस तो हजर होता तीच तारीख F मध्ये टाकायची, पत्र नंतर कधी गेलं ते बघायचं नाही. असं केलं की मागच्या महिन्याचा आकडा बदलतो, म्हणून दर महिन्याला जो आकडा मालकांना पाठवला तो एका वेगळ्या कॉलममध्ये हाताने टाइप करून ठेवा, म्हणजे "तेव्हा ४३ सांगितलं होतंत, आता ४२ कसे" याचं उत्तर आपल्याकडे असतं.

या दोन्ही चुका पकडायला बाहेरचा आकडा लागतो, आणि तो अकाउंट्सकडे असतो. महिनाभरात एक दिवस जरी काम केलं तरी पगाराच्या शीटमध्ये ओळ येते, त्यामुळे त्या महिन्याच्या पगाराच्या ओळी म्हणजे सुरुवातीचे अधिक आलेले. आपल्या जुलैत ४२ अधिक ३, म्हणजे ४५ ओळी. ४३ नाही! मीटिंगमधली भांडणं बहुतेक याच फरकावरून होतात, दोघेही बरोबर असतात आणि दोघांनाही दुसरा चुकीचा वाटतो. ४५ ऐवजी ४४ आल्या तर कोण राहिलं ते एकेक नाव बसून बघा, पूर्ण महिना बिनपगारी रजेवर असलेला किंवा पगार रोखून ठेवलेला कोणी असतो, आणि तसं काही नसेल तर मग तुमच्या Master मध्ये चूक आहे. पीएफच्या यादीशी मात्र जुळवत बसू नका, पीएफ सगळ्यांना लागू असेलच असं नाही.

इथपर्यंत आलात की बाकीचं सोपं आहे.

भरती: आलेले तर C मध्ये आहेतच. सोबत किती जागा रिकाम्या आणि किती जणांनी ऑफर घेतली पण अजून जॉइन व्हायचेत, एवढं द्या. ऑफर दिली म्हणजे माणूस आला असं कधीच मोजू नका.

गैरहजेरी: टक्के काढताना भागायचं कशाने, याचाच हिशोब लोक घालत बसतात. जुलै २०२५ मध्ये चार रविवार सोडले तर २७ दिवस. वरच्या उदाहरणात प्रत्येकाचे नेमके दिवस मोजले तर १,१७० मनुष्यदिवस होतात, आणि सरळ ४३ गुणिले २७ केलं तर १,१६१. ४१ दिवस गैरहजेरी असेल तर दोन्हीकडे साडेतीन टक्केच येतात, तेव्हा छोट्या ऑफिसने सरळ गुणाकार करावा आणि डोकं दुसरीकडे लावावं. ते दुसरीकडे म्हणजे गैरहजेरी कशाला म्हणायचं. आधी मंजूर झालेली रजा यात धरू नका, गणपतीत गावाला जायला जूनमध्येच रजा टाकलेला माणूस गैरहजर नसतो. मॅटर्निटी लीव्हवर असलेली बाई हेडकाउंटमध्ये राहते, गैरहजेरीत नाही, कायद्याने २६ आठवड्यांपर्यंतची रजा आहे ती आणि धरलीत तर अर्धा वर्ष तुमचा आकडा फुगलेला दिसेल. आणि पावसाने लोकल बंद पडल्या त्या दिवसाला वेगळा कोड द्या, नाहीतर जुलैचा आकडा दरवर्षी वर जाणार आणि कोणीतरी विनाकारण विरार-बदलापूरवाल्यांवर घसरणार.

एक्झिट: टक्के देताना जपून. जुलैत दोन गेले, सरासरी हेडकाउंट साडेबेचाळीस, म्हणजे ४.७ टक्के. याला बाराने गुणून "वर्षाला छप्पन टक्के" असं लिहिलेले डॅशबोर्ड मी बघितलेत, दोन माणसांवरून! असं करू नका. मागच्या बारा महिन्यांत एकूण किती गेले तो आकडा द्या, आणि टक्केच हवे असतील तर त्याला त्याच बारा महिन्यांच्या सरासरी हेडकाउंटने भागा. कारणं लिहायची तर एकेका माणसाची नकोत, पाच जणांच्या डिपार्टमेंटमधून एक गेला तर नाव न लिहिताही सगळ्यांना कळतं.

मांडणी: वर चार मोठे आकडे, प्रत्येकाखाली मागच्या महिन्याचा. मध्ये बारा महिन्यांची हेडकाउंटची रेघ, त्याखाली आलेले आणि गेलेले यांचे उभे बार शेजारी शेजारी. पाय चार्ट नको, स्पीडोमीटर तर अजिबात नको. सगळ्यात खाली एक ओळ: आकडे कुठल्या तारखेपर्यंतचे आणि पगाराच्या शीटशी जुळवले की नाही. पाठवायच्या आधी एकदा फोनवर उघडून बघा, मालक तो ट्रेनमध्ये किंवा गाडीतच बघणार आहेत, आणि चार आकडे स्क्रोल न करता दिसत नसतील तर अक्षरं मोठी करा आणि चार्ट अजून खाली ढकला.