`-7 // 2` आणि लिस्टची कॉपी: आउटपुटच्या प्रश्नात मार्क नेमके कुठे जातात

पायथनमधलं लूप, फंक्शन, लिस्ट वगैरे येतं असं धरून लिहितोय. कोड लिहिता येतो, प्रोग्राम चालतो, पण पेपरात "आउटपुट लिहा" आलं की उत्तर जवळपास बरोबर असूनही शून्य मिळतं, अशांसाठी हे आहे. सीबीएसई अकरावी-बारावी असो नाहीतर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, प्रश्न साधारण असाच येतो:

```python
a = [7, -7, [1, 2]]
b = a[:]
b[0] = a[0] // 2
b[1] = a[1] // 2
b[2].append(a[0] / 7)
print(a)
print(b)
```

वर्गात निम्म्या जणांचं उत्तर असं असतं: पहिली ओळ `[7, -7, [1, 2]]` आणि दुसरी `[3, -3, [1, 2, 1]]`. दोन्ही ओळी चूक. बरोबर उत्तर हे:

```
[7, -7, [1, 2, 1.0]]
[3, -4, [1, 2, 1.0]]
```

आधी भागाकार. "`//` म्हणजे पॉइंटनंतरचं उडवून टाका" हा शॉर्टकट कुणी शिकवला असेल तर तो आजच विसरा, कारण तो पॉझिटिव्ह आकड्यांनाच चालतो, आणि पेपर काढणारा निगेटिव्ह आकडा मुद्दाम टाकतो. `//` नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो, म्हणजे संख्यारेषेवर डावीकडे. -3.5 च्या डावीकडचा पूर्णांक -4, म्हणून -4. ज्यांनी आधी सी केलंय ते इथे हमखास अडकतात, कारण सी शून्याकडे कापतं आणि तिथे -3 च येतं. पायथनमध्येही `int(-7 / 2)` लिहिलंत तर -3 मिळेल, पण ते `//` नाही, वेगळं काम आहे.

खात्री करायची असेल तर शाळेतली बाकी काढा. पायथनमध्ये बाकीचं चिन्ह भाजकासारखं असतं. भाजक 2 आहे, म्हणजे बाकी निगेटिव्ह येऊच शकत नाही. -7 = 2 × (-4) + 1, जुळलं, बाकी 1. -3 घेतलं तर बाकी -1 येते, म्हणजे उत्तर चुकलं. पेपरात दहा सेकंदात होतं हे.

आणि `/` चं उत्तर नेहमी फ्लोट, भाग पूर्ण गेला तरी. 7 / 7 म्हणजे `1.0`, नुसतं `1` लिहिलं तर चूकच धरतात. जुन्या नोट्समध्ये 7 / 2 चं उत्तर 3 दिसलं तर त्या पायथन 2 च्या आहेत, 2008 मध्ये पायथन 3 आलं तेव्हाच हे बदललं. असल्या झेरॉक्स वापरू नका.

आता कॉपी, खरा सापळा हाच आहे, आणि यावर मी स्वतः बरंच डोकं फोडलंय. `a[:]` ने नवी लिस्ट बनते हे खरं, पण नवे बनतात ते फक्त बाहेरचे तीन कप्पे. तिसऱ्या कप्प्यात `[1, 2]` ची नक्कल जात नाही, तीच आतली लिस्ट दोन्हीकडून दिसते. म्हणून `b[0] = ...` ने फक्त b चा कप्पा बदलला, a मध्ये 7 तसाच राहिला. पण `b[2].append(...)` मध्ये b च्या कप्प्यात नवं काही ठेवलं नाही, कप्प्यातून आत जाऊन त्या सामायिक लिस्टलाच हात लावला, त्यामुळे a मध्येही 1.0 दिसतो. `list(a)` आणि `a.copy()` चंही अगदी हेच.

प्रत्येक ओळीला एवढंच बघा: कप्प्यात नवी गोष्ट ठेवतोय, की कप्प्यातल्या लिस्टमध्ये बदल करतोय? `b[2] = b[2] + [1.0]` असतं तर नवी लिस्ट बनून फक्त b मध्ये गेली असती आणि a वाचला असता. पण `b[2] += [1.0]` लिहिलं की आतलीच लिस्ट वाढते आणि a परत बदलतो. दिसायला दोन्ही सारखे वाटतात, म्हणूनच हा प्रश्न फिरून फिरून येतो. पहिल्यांदा गोंधळ होणारच, घाबरू नका, चार-पाच प्रश्नांत डोळा बसतो.

पण ते प्रश्न कागदावर करा. सरळ रन करून आउटपुट बघायची सवय मला अजिबात पटत नाही, त्याने उत्तर कळतं, कारण कळत नाही. a आणि b चे चौकोन काढा, आतली लिस्ट बाजूला एकदाच काढा आणि दोन्ही तिसऱ्या चौकोनांतून तिच्याकडे बाण न्या. मग pythontutor.com वर तोच कोड टाकून बाण जुळतात का बघा.

चित्र जमलं की दुसरी ओळ बदलून परत सोडवा. `b = a` केलं तर नवी लिस्टच बनत नाही, b[0] मध्ये 3 ठेवला की a[0] पण 3, म्हणजे append मध्ये 7 / 7 नाही तर 3 / 7 जाईल आणि दोन्ही प्रिंट सारखेच येतील. `copy.deepcopy(a)` केलं (वर `import copy` हवं) तर पहिली ओळ `[7, -7, [1, 2]]` येईल आणि दुसरी वर दिलीय तशीच राहील.